पिचकारी, तुरटी आणि सुगंधी वॉश: जावेला आलेल्या मेसेजला उत्तर

«मैत्रिणींनो, अंगावरून पांढरं जाणं आणि तिथला वास म्हणजे आत घाण साचलेली असते. आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात तुरटी किंवा लिंबू घालून पिचकारीने आतून धुवा, पाळी संपल्यावर तर नक्कीच. रोज सुगंधी इंटिमेट वॉश वापरा, त्याचा पीएच बॅलन्स्ड असतो. जुन्या बायका हेच करायच्या. गर्भाशय स्वच्छ राहतं आणि बाळ लवकर राहतं. प्रत्येक बहिणीला पाठवा.»

माझ्या धाकट्या जावेला हा कुणीतरी पाठवला आणि तिने तो सहा महिने इमानाने पाळला. लग्नाला तीन वर्षं झालीत, दोघांना मूल हवंय, म्हणून शेवटच्या ओळीवर तिचा जीव अडकला. मग एक दिवस दबक्या आवाजात विचारते, "ताई, मी एवढी स्वच्छता पाळते, तरी वास वाढतच का चाललाय?" मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सतरा वर्षं स्लाइडी बघतेय. तिचा प्रश्न ऐकला आणि डोक्यात तिडीक गेली. तिला विचारूनच हे लिहितेय.

आधी घाणीचं बोलू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत योनीच्या आतल्या पेशींमध्ये ग्लायकोजेन नावाची साखर साठते. लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू तिच्यावर जगतात आणि लॅक्टिक आम्ल बनवतात. दही लावणारे जंतू याच गोतावळ्यातले. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. या आम्लामुळे आतला पीएच साधारण 3.8 ते 4.5 राहतो आणि आजार करणाऱ्या बहुतेक जंतूंना तिथे बस्तान बसवता येत नाही. जुन्या पेशी, हे जंतू आणि थोडा ओलावा मिळून जे रोज बाहेर येतं, तेच ते पांढरं पाणी. दिवसाला अर्धा चमचा, कधी थोडं जास्त. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं, नंतर दाट, वाळलं की कपड्यावर पिवळसर. गडद रंगाच्या चड्डीवर मध्येच फिका पट्टा पडतो ना, तो या आम्लाने रंग उडाल्यामुळे. तो दिसला की बायका घाबरून साबण घेतात. खरं तर तिथलं काम नीट चाललंय याची ती खूण आहे. थोडासा आंबूस वासही त्यातलाच.

आता पिचकारी. आत पाणी मारलं की हे जंतू आणि त्यांचं आम्ल दोन्ही धुऊन जातं. साध्या पाण्याचा पीएच 7 च्या आसपास असतो आणि पीएचचा एकेक आकडा म्हणजे दहापट फरक, म्हणजे 4 पासून 7 पर्यंत आम्लता हजारपट कमी. एखाद्या वेळी असं झालं तर जंतू पुन्हा वाढून घर सावरतात. आठवड्यातून दोनदा झालं की सावरायला वेळच मिळत नाही, आणि रिकाम्या जागेत गार्डनरेलासारखे दुसरे जंतू दाटीने वाढतात. यालाच बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. त्याचा वास मासळीसारखा, संबंधानंतर जास्त जाणवणारा. वास आला म्हणून बाई पुन्हा धुते आणि चक्र सुरू होतं. माझी जाऊ नेमकी यातच अडकली होती.

लिंबाने आम्लता भरून निघेल असं वाटत असेल तर तेही खोटं. लिंबाचा रस आतल्या नाजूक अस्तराला झोंबतो, जळजळ करतो आणि थोड्या वेळात निघून जातो. रोज आम्ल बनवणारे जंतू काही लिंबात नसतात. तुरटीने अस्तर आवळतं, कोरडं पडतं, संबंधाच्या वेळी चिरा पडू शकतात. जखमेवर लावायचं, पाण्यात टाकलं की दुधाळ होणारं अँटिसेप्टिक आत वापरणाऱ्याही बायका मी पाहिल्यात. कृपा करून ते करू नका.

"वास आधी येतो म्हणून बायका धुतात, धुण्याने वास येत नाही," असा वाद हमखास घातला जातो. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. साडेतीन हजारांहून जास्त बायकांची वर्षभर, दर तीन महिन्यांनी तपासणी केली आणि 2008 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी काय आणि नंतर काय, याचा हिशेब धरूनही नियमित आतून धुणाऱ्यांमध्ये व्हजायनोसिसचा धोका सुमारे 20 टक्के जास्त निघाला. ही वाढ प्रचंड नाही, पण बदल्यात फायदा शून्य मिळतो.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती बाळाच्या ओळीची. गर्भाशयाच्या तोंडाशी दाट चिकट स्राव असतो, तो खालच्या जंतूंना वर जाऊ देत नाही. पिचकारीचा जोर नेमका त्या दिशेने लागतो आणि पाण्याबरोबर जंतू वर ढकलले जाऊ शकतात. ते गर्भाशयात, गर्भनलिकांमध्ये पोचले तर ओटीपोटात सूज येते, नलिकांना आतून व्रण पडतात, त्या चिकटतात. मग गर्भ राहणं अवघड होतं, किंवा राहिला तर नळीतच राहू शकतो, आणि नळीतला गर्भ जिवावर बेततो. नियमित आतून धुणाऱ्यांमध्ये ओटीपोटाची सूज आणि नळीतला गर्भ हे दोन्ही जास्त आढळतात. 1996 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात मूल हवं असलेल्या आठशेहून जास्त बायका होत्या. त्यात अशा धुणाऱ्यांना दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता सुमारे 30 टक्के कमी दिसली. मूल हवं असलेल्या बाईला हा उपाय सांगणं हा क्रूरपणा आहे, पाठवणारीचा हेतू कितीही चांगला असो.

पाळीनंतरच्या धुण्याचं थोडक्यात सांगते. रक्तामुळे आतला पीएच तात्पुरता चढतो, हे खरं. पाळी संपली की तो आपोआप खाली येतो. त्याच दिवसांत पिचकारी मारणं म्हणजे सावरणाऱ्याला पुन्हा ढकलणं.

जुन्या बायकांच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. आयुर्वेदात योनीधावन नावाचा उपचार आहे. पण तो उपचार आहे. वैद्य तपासून, ठरावीक आजारात, ठरावीक काढ्याने, मोजके दिवस करतात. आठवड्याचा नेम म्हणून निरोगी बाईने घरी करायचं ते काम नव्हे. आतून धुण्याच्या घरगुती सवयीचा बाजार मात्र अमेरिकेत जोरात चालला होता. 1930 च्या आसपास तिथे लायसॉल हे जंतुनाशक बायकांच्या 'स्वच्छतेसाठी' म्हणून विकलं जाई आणि गर्भ राहू नये म्हणूनही बायका ते वापरत. त्यात क्रेसोल हे अंग भाजणारं रसायन असे. बायका भाजल्या, काही मेल्या, आणि गर्भ राहायचा तो राहिलाच.

आता सुगंधी वॉश. इथेही एक गोष्ट कबूल करायला हवी. अंगाच्या साबणाचा पीएच 9-10 असतो आणि तो बाहेरच्या त्वचेलाही कोरडं करतो. त्यामानाने कमी पीएचचा सौम्य वॉश बरा. पण बाटलीवरचा आकडा फक्त बाटलीतल्या द्रवाचा असतो. तो द्रव आत गेला तर जंतूंचा समतोल सांभाळत नाही, उलट फेस करणारे घटक त्यांना उपद्रव करतात. आणि सुगंध? त्याचा तिथे एकही उपयोग नाही. बाहेरच्या भागाची त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी नाजूक असते, सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी तिथे पटकन येते. लाली, खाज, लघवी करताना चुरचुर. बाई म्हणते 'इन्फेक्शन झालं' आणि आणखी वॉश लावते. शिवाय अत्तराखाली वास झाकला गेला की खरा आजार उशिरा कळतो.

जावेचं काय निघालं ते सांगते. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आत बघितलं. पातळ, करडा स्राव भिंतीला सगळीकडे सारखा माखलेला. पीएचची पट्टी टेकवली तर रंग पाचच्या पुढचा. स्लाइड माझ्याकडे आली. निरोगी स्लाइडवर पेशींच्या कडा स्वच्छ दिसतात आणि मध्ये मध्ये बारीक काड्यांसारखे लॅक्टोबॅसिलस. हिच्या स्लाइडवर काडी शोधून सापडेना. पेशी अशा, जशी भाकरीवर पिठी सांडावी. जंतू इतके चिकटलेले की कडाच दिसत नाहीत. यांना क्लू पेशी म्हणतात. 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मासळीचा वास उठला. डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल सात दिवस दिलं आणि पिचकारी, तुरटी, वॉश सगळं बंद करायला लावलं. महिन्याने वास गेला होता. हा त्रास काही जणींना परत होतो, तिलाही होऊ शकतो, हे मी तिला सांगून ठेवलंय.

"मग धुवायचं तरी कसं?" तिने विचारलं. दिवसातून एकदा आंघोळीच्या वेळी, कोमट साध्या पाण्याने, हाताच्या तळव्याने, फक्त बाहेरचा भाग. पाकळ्यांच्या घडीत पांढरा थर साठतो, तो ओल्या बोटाने हलकेच निघतो. घासणी नको, कापड घासणं नको. पुढून मागे धुवायचं, म्हणजे शौचाच्या जागेचे जंतू पुढे येत नाहीत. संडासातला जेट मंद ठेवायचा आणि धार आतल्या दिशेने कधीच धरायची नाही, कारण ती धारही पिचकारीच झाली. मग टॉवेलने टिपून कोरडं करायचं, सुती चड्डी घालायची. पाळीत बाहेरून दोनदा धुतलं तरी चालतं, पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. सुगंधी पॅड आणि वाइप्सही नकोत. पाळी गेलेल्या बायकांमध्ये आत मुळातच कोरडेपणा येतो, त्यांना साबण आणि वॉशने त्रास लवकर होतो.

दाखवायला कधी जायचं? मासळीचा वास आणि करडा स्राव, दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव आणि प्रचंड खाज, हिरवट-पिवळा फेसाळ स्राव, संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर कधीही रक्त. ताप आणि ओटीपोटात दुखत असेल तर त्याच दिवशी जा. खाजेसाठी मेडिकलमधून अंदाजाने क्रीम आणू नका, यातल्या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

आणि जाताना एक करा. लाजेपोटी बायका तपासणीआधी आतून खसाखसा धुऊन येतात आणि माझ्याकडे नुसत्या पाण्याची स्लाइड येते, त्यात काहीच सापडत नाही. दोन दिवस आधीपासून आत काही घालू नका, संबंधही टाळा, फक्त बाहेरून पाण्याने धुऊन जा. वास येत असेल तर येऊ द्या, डॉक्टरांना तोच हवा असतो.