ल.पा. म्हणजे लहान पाऊस नव्हे

प्रकल्प अहवालात ‘निष्कर्ष’ लिहिणं सोपं असतं. जे झालं ते लिहायचं. आम्हाला घाम फुटतो तो ‘पार्श्वभूमी’ला. लिहिणारा दोन वर्षं तलावाच्या बांधावर उन्हात उभा राहिलेला असतो आणि वाचणारा मुंबईत सातव्या मजल्यावर बसलेला. त्याला तलाव सोडा, तालुकाही ठाऊक नसतो.

आमचं काम पाझर तलावातला गाळ काढायचं. पार्श्वभूमीचा पहिला मसुदा हटकून ‘पाणी हेच जीवन’पासून सुरू होतो. सातव्या मजल्यावरच्या माणसाला हे आधीपासून माहीत असतं, तोही पाणीच पितो. पुढे 1972चा दुष्काळ येतो. त्याला मात्र आम्ही हात लावत नाही. असे कित्येक तलाव त्या काळातल्या दुष्काळी कामांवर झाले, आणि गाळ एवढा का साचला याचं अर्धं उत्तर त्या वयातच आहे. पण त्याला एक वाक्य पुरे. तिथे दीड पान गेलं, की खऱ्या गोष्टीला जागा उरत नाही आणि ती अशी आवळली जाते: ‘सदर ल.पा. अंतर्गत पा.त. क्र. 2 मधील गाळ ग्रा.पं. ठरावान्वये काढणे प्रस्तावित होते.’ लघु पाटबंधारे, पाझर तलाव, ग्रामपंचायत हे आम्हाला झोपेतही कळतं. एका वाचकाने ल.पा. म्हणजे लहान पाऊस समजून ‘मोठ्या पावसाचं काय नियोजन?’ असा शेरा मारला होता. चूक त्याची नव्हती.

म्हणून पार्श्वभूमी आता आम्ही सगळ्यात शेवटी लिहितो. निकालाचा तक्ता पुढ्यात घ्यायचा आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कळायला परक्या माणसाला आधी काय माहीत हवं? तेवढंच पार्श्वभूमीत जातं.

समजा तक्त्यात आहे: ‘विहिरींची पातळी मे महिन्यात 11.4 मीटरवरून 8.9 मीटरवर आली.’ आम्ही पेढे वाटायच्या बेतात, आणि वाचणारा हळहळतो, की अरेरे, अडीच मीटर पाणी उतरलं! विहिरीची पातळी वरून खाली मोजतात, म्हणजे आकडा घटला की पाणी वर आलं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मग पार्श्वभूमीत लिहावं लागतं, की मोजणी जमिनीपासून पाण्यापर्यंत केली, दोन्ही वर्षी त्याच विहिरींवर आणि मे महिन्यातच. जमिनीपासून हे मुद्दाम लिहायचं. एका वर्षी टेप जमिनीपासून सोडला आणि दुसऱ्या वर्षी दोन फुटी कठड्यावरून, तर एक थेंबही न हलता पाणी 60 सेंटिमीटर खाली जातं. शिवाय दोन्ही मोजण्यांच्या आधीच्या पावसाळ्यांत किती पाऊस झाला, तेही तिथेच द्यायचं. दुसऱ्या वर्षी पाऊस दणकून पडला असेल, तर श्रेय जेसीबीचं की ढगाचं, हे वाचणाऱ्याला ठरवता आलं पाहिजे. (हे वाक्य गाळावं, असं सुचवणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतो.)

दुसरा आकडा: ‘साठवण 48 टीसीएमवरून 60 टीसीएम.’ टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, दहा लाख लिटर. मूळ क्षमता 60, त्यातले 12 गाळाने खाल्लेले. हे 12 म्हणजे 1 कोटी 20 लाख लिटर, दहा हजार लिटरचे 1,200 टँकर. टँकर म्हटलं की सातव्या मजल्यावरही लख्ख उजेड पडतो, तिथेही उन्हाळ्यात सोसायटीत तोच येतो. 12 हा आकडा कुठून आला, हेही जोडायचं: तलाव कोरडा असताना केलेली मोजणी, महिना आणि वर्षासह. तारीख नसलेला आकडा शिळ्या भातासारखा, कधीचा ते विचारावंच लागतं. गावाच्या लोकसंख्येचंही तेच. 2011च्या जनगणनेचा आकडा देताना साल लिहायचं, कारण त्यात कडेवर मोजलेली पोरं आता भरतीचे फॉर्म भरतायत.

एवढं झालं की मसुदा कामाशी संबंध नसलेल्या माणसाला देतो. आमच्याकडे तो मान हिशेबनीसांचा. ‘अडलात तिथे फक्त फुली मारा, दुरुस्त करू नका,’ एवढंच सांगायचं. परवाच्या मसुद्यात टीसीएम, कठडा, पाऊस सगळं बिनफुलीचं पार पडलं. फुली एकच, तीही शीर्षकावर, आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं: ‘गाळ काढला ते ठीक. पण तलाव पाझरतोय, तर पुढच्या टप्प्यात गळती बंद करणार का?’

पाझर तलाव पाझरण्यासाठीच बांधतात, तळातून मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना मिळावं म्हणून, आणि गाळाने तळ लिंपला गेल्यामुळे ते मुरणंच थांबलं होतं, हे अख्ख्या पार्श्वभूमीत कुठेच नव्हतं.