कृती, क्रिया आणि 'संस्कृत असेल तर ऋकार' हा नियम

"कृ आणि क्रि यांचा उच्चार एकच, कानाने काही कळत नाही. सोपा नियम लक्षात ठेवा: शब्द संस्कृत असेल तर ऋकार, इंग्रजीतून आला असेल तर रि. क्रिया, त्रिकोण वगैरे अपवाद आहेत, ते पाठ करून टाका."

उच्चार एकच असतो हिंदीत. हिंदीभाषक कृपा 'क्रिपा'सारखं म्हणतो. प्रमाण मराठीत आपण 'क्रुपा' म्हणतो, पृथ्वीला 'प्रुथ्वी' आणि ऋषीला 'रुषी'. मोठ्याने 'प्रकृती' आणि 'प्रक्रिया' म्हणून पाहा, एकात उ आणि दुसऱ्यात इ स्पष्ट ऐकू येते. म्हणजे रि की ऋ, या प्रश्नात मराठी कान चांगला साक्षीदार आहे. मग वहीत 'क्रिष्ण', 'प्रिथ्वी', 'संस्क्रिती' येतं कुठून? बहुतेक वेळा डोळ्यांतून: Krishna, Prithvi, Sanskriti ही रोमन रूपं रोज दिसतात, आणि मोबाइलवर टाइप करतानाही बोटं kri कडेच वळतात. मराठी कानाची खरी पंचाईत होते ती ऋ आणि रु यांच्यात, म्हणजे शृंखला आणि श्रुती यांच्यात. रि तिथे नसतेच.

संस्कृत म्हणजे ऋकार, हे अर्धंच खरं. ऋकार लागतो तो तत्सम शब्दालाच, म्हणून क्रिकेट, ब्रिटिश, ड्रिल यांत तो कधीच येणार नाही. पण उलट बाजूने नियम कोसळतो: प्रिय, त्रिकोण, त्रिज्या, रिक्त हे सगळे संस्कृतच आहेत.

त्यापेक्षा शब्दाचे नातेवाईक विचारा. ऋ बदलते तेव्हा तिचा 'अर' किंवा 'आर' होतो. दृष्टी–दर्शन, स्मृती–स्मरण, वृत्ती–वर्तन, नृत्य–नर्तक, तृप्ती–तर्पण, हृदय–हार्दिक, मृदू–मार्दव, पृथ्वी–पार्थिव. इ बदलते तेव्हा तिचा ए किंवा ऐ होतो: प्रिय–प्रेम, त्रिकोणातल्या त्रिचा त्रैमासिक, रिक्त–रेचक. नातेवाइकात अर-आर दिसला की ऋकार, रे-रै दिसला की रि. काही घरांत 'अर'ऐवजी 'र' सापडतो, जसं पृच्छा–प्रश्न, गृहीत–ग्रहण. तिथेही ऋकारच. 'ग्रहित' किंवा 'ग्रिहित' लिहिणाऱ्याची गल्लत इथेच होते: ग्रहणातला ग्र तो गृहीतमध्ये तसाच नेतो. (आणि गृहीतमधली 'ही' दीर्घ, तेही लक्षातून सुटतं.)

आता अपवादांकडे. क्रिया हा लहरीने रूढ झालेला शब्द नाही. धातू कृच, कर्म आणि कर्ता याच घरातले. पण ठरावीक प्रत्ययांआधी ऋची रि होते, असा पाणिनीचाच नियम आहे, आणि अशा रूपांत रिच्या पुढे य दिसतो. मृत, मृत्यू, पण म्रियमाण. मृत्यूत मृच्या पुढे त आहे, म्हणून ऋ टिकली. शाळेतल्या शब्दांपुरती यातून एक चांगली खूण मिळते: तत्सम शब्दात 'क्रि' लिहिताना पुढचं अक्षर बघा. य असेल तर क्रि बरोबर (क्रियापद, सक्रिय, प्रक्रिया, प्रतिक्रिया). त, प, ष असेल तर कृ (आकृती, विकृती, कृपण, कृषी). क्रीडेत ई दीर्घ आहे, तो वेगळाच धातू.

त्रिकोणाची गोष्ट उलटी. तीन या अर्थाचा मूळ शब्दच त्रि, त्यामुळे समासात तो जसाच्या तसा येतो. पण क्रमवाचक करताना 'तीय' लागला की त्रिची तृ होते: तृतीय, तृतीया. म्हणून 'त्रितीय' चूक आणि 'तृकोण'ही चूक.

कृत्रिम या एकाच शब्दात दोन्ही आहेत आणि मुलं नेमकी अदलाबदल करतात: 'क्रित्रिम', 'क्रितृम'. फोड केली की प्रश्न उरत नाही. कृ म्हणजे करणे, त्याला त्रिम प्रत्यय. केलेलं ते कृत्रिम. पहिल्या अक्षराचा नातेवाईक कर्म, शिवाय पुढे य नाही, म्हणून कृ. दुसरं अक्षर प्रत्ययातलं, तिथे ऋचा संबंध नाही, म्हणून त्रि.

नातेवाइकांची ही युक्ती सगळीकडे पुरत नाही. तृण, घृणा यांचे नातेवाईक मराठीत हाताशी नाहीत. तिथे कानावर भिस्त ठेवावी लागते. कृमीसाठी तर संस्कृतातच कृमि आणि क्रिमि दोन्ही रूपं सापडतात, मराठीने कृमी उचललं.

जाता जाता: 'श्रृंगार', 'श्रृंखला' यांत श्रमधला र आणि वर ऋकार, असे दोन र होतात. साधं शृ पुरे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ृ हे चिन्ह = या कळीवर आहे आणि सुटी ऋ शिफ्ट धरून त्याच कळीवर; तिथे टाइप केलं तर kri चा मोहच होत नाही.