तुमच्या हातात किती?

काल दुपारी निरोप आला, ‘पान लाइव्ह झालं! तुमच्या मजकुराला जरासा फायनल टच दिलाय.’ सोबत हसरा चेहरा. मी पान उघडलं. ज्या एका वाक्यासाठी मी तीन आठवडे भांडले, त्याच्या जागी फिरत्या चाकावरच्या मडक्याचं चित्र होतं. खाली ठळक अक्षरांत ‘पारदर्शक शुल्करचना’. पारदर्शक खरीच, कारण पलीकडे काहीच नव्हतं.

काम साधं होतं. हातानं वस्तू बनवणाऱ्या लोकांना एका ऑनलाइन बाजारात दुकान मांडायचं असतं. त्यांनी नाव नोंदवण्याआधी वाचायचं ते पान मी सोपं करायचं. फी किती, पैसे कधी, फोटो कसे, अडलं तर कोणाला विचारायचं, एवढ्या चारच गोष्टी. मुळात ते पान अशा माणसानं लिहिलं होतं, ज्याला वाचणाऱ्याची भीती वाटत असावी.

माझी जुनी खोड अशी की पान सुधारण्याआधी ज्याच्यासाठी ते लिहिलंय त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं. समजलं का, असं विचारायचं नाही. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. वाचताना जीभ कुठे अडखळते ते बघायचं. यावेळी वाचायला बसल्या टोपल्या विणणाऱ्या एक मावशी. त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली आणि कमिशन १५ टक्के, पेमेंट शुल्क २ टक्के इथपर्यंत घसरगुंडीवरून आल्यासारख्या खाली आल्या. मग थांबल्या.

“ताई, हा तारा कशाचा?”

‘शिपिंग शुल्क वजनानुसार’ या शब्दांच्या डोक्यावर एक बारीक तारा होता. त्याचा जोडीदार पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात, ‘आकारमानात्मक वजन व प्रत्यक्ष वजन यांपैकी जे अधिक असेल त्यानुसार.’ मावशींनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला आणि तिसऱ्यांदा हसायला लागल्या. मीही हसले. मलाही तो नीट माहीत नव्हता, म्हणून जरा जास्तच हसले.

नंतर शोधलं तेव्हा हसू गेलं. कुरियरवाला नुसतं वजन बघत नाही, खोकं गाडीत किती जागा अडवतं तेही बघतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ५,००० ने भागायचं. हा भाजक कुरियरप्रमाणे बदलतो, पण ५,००० नेहमी दिसतो. मावशींच्या टोपलीचं खोकं ४० बाय ४० बाय ३०. गुणाकार ४८,०००, भागिले ५,०००, म्हणजे ९.६ किलो. टोपली खोक्यासकट काट्यावर ठेवली तर एक किलोसुद्धा भरत नाही. उरलेले साडेआठ किलो म्हणजे निव्वळ हवा, आणि तिचं भाडं विणणाऱ्या बाईनं भरायचं.

आता हिशोब मांडा. आकडे मी गोल केलेत आणि करांची भानगड बाजूला ठेवलीय. टोपलीची किंमत १,०००, शिपिंग विकणाऱ्याकडे. कमिशनचे १५० गेले, पेमेंटचे २० गेले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरवसा ठेवून मावशींनी कुरियरचे ६० धरले, म्हणजे ७७० सुटतील. पण कुरियर ९.६ चे १० किलो करतो आणि ३०० लावतो. सुटतात ५३०. ७७० आणि ५३० यांच्यामधल्या त्या खड्ड्यावर फक्त एक तारा पांघरलेला होता.

म्हणून मी तारा काढला आणि वाक्य लिहिलं: ‘१,००० ची टोपली अशा खोक्यातून गेली, तर तुमच्या हातात ५३० येतील.’ खाली वजाबाकी, एकाखाली एक. शिवाय एक ओळ, की टोपल्या एकात एक बसणाऱ्या असतील तर तीनचा संच विकायला ठेवा, कारण खोकं थोडंच वाढतं आणि हवा कमी जाते.

हे वाक्य विधी विभागाच्या गृहस्थांकडे गेलं.

गृहस्थ अतिशय सभ्य. पेनचं टोपण काढायचे, लावायचे, काढायचे. काहीही लिहायचे नाहीत.

“‘हातात’ असं लिहिलंय आपण.”

“हो.”

“आपण हातात देत नाही. खात्यात देतो. उद्या कोणी हात पुढे करून दारात उभं राहिलं तर?”

“बरं. ‘तुमच्या खात्यात’ करू.”

“‘तुमच्या’ म्हणजे कोणाच्या?”

“वाचणाऱ्याच्या.”

“वाचणारा विक्रेता असेलच असं नाही. सहज वाचत असेल.” टोपण लागलं. “‘विक्रेत्याच्या नोंदणीकृत खात्यात’ म्हणू. आता हे ‘येतील’. हा भविष्यकाळ आहे.”

“पैसे पुढेच यायचेत ना?”

“भविष्यकाळ म्हणजे वचन. ‘जमा होणे अपेक्षित आहे’ म्हटलं की कसं, आपणही त्यांच्याइतकेच वाट बघतोय.”

यावर मला काही सुचलं नाही. इतकं खरं वाक्य त्या इमारतीत दुसरं कोणी बोललं नव्हतं.

“आणि टोपलीच का?”

“उदाहरण आहे. हलकी आणि मोठी वस्तू, म्हणजे फरक लगेच कळतो.”

“पण कुंभाराला वाटेल, ही सवलत फक्त टोपलीला.”

“सवलत नाहीये ती. कापून घेतोय आपण.”

“‘कापून’ नको. ‘समायोजित’.” टोपण निघालं. “मग ५३० हा आकडाही बरोबर नाही. खोकं वेगळं असेल तर ५४० येतील. आपण ५३० म्हटलं आणि ५४० आले तर चुकीची माहिती दिल्यासारखं होईल.”

“जास्त आले म्हणून कोण तक्रार करेल?”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

पाऊण तासानं वाक्य तयार झालं: ‘उत्पादनाच्या विक्रीपश्चात लागू शुल्क समायोजित करून उर्वरित रक्कम विक्रेत्याच्या नोंदणीकृत खात्यात जमा होणे अपेक्षित आहे.’ गृहस्थांनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा डोळे मिटून. “आता यात चूक काढून दाखवा.” मला काढता येईना. चूक राहायला आत जागाच नव्हती.

तरी मी वजाबाकी वाचवली होती. ‘उदाहरणादाखल’ हा शब्द पाच ठिकाणी पेरून मान्य करून घेतली होती. मग ती मडक्यानं खाल्ली. विचारलं तर उत्तर आलं, मोबाइलवर चौकट लांब होत होती. मडकं लांब होत नाही, ते गोल असतं.

‘७ दिवसांत पैसे’ या तीन शब्दांनीही असाच जीव खाल्ला. मावशींचा प्रश्न एकच, “कधीपासून सात?” पान लिहिणाऱ्याला तो कधी पडला नव्हता, कारण त्याचा पगार ठरल्या तारखेला होतो. मी हिशोब-विभागात जाऊन एक ऑर्डर तारखांवर बसवून घेतली. सोमवारी १ तारखेला ऑर्डर आली, बुधवारी ३ ला खोकं निघालं, सोमवारी ८ ला पोचलं. ते सात दिवस इथून सुरू होतात आणि ते पैशांचे नसतातच, ग्राहकानं वस्तू परत करायचे असतात. ते संपले १५ ला. पैसे सोडतात फक्त बुधवारी, म्हणजे १७ ला. बँकेचे कामाचे दोन दिवस धरून १९ तारीख. मुदत गुरुवारी संपली असती तर पुढच्या बुधवारपर्यंत बसा वाट बघत. कच्चा माल १ तारखेच्याही आधी रोखीनं आणलेला असतो, हे त्या पानावर कुठेच मावत नाही. माझ्या तारखांच्या पट्टीतलं एवढंच टिकलं: ‘डिलिव्हरीनंतर, परताव्याची मुदत संपल्यावर.’ तेवढं टिकलं म्हणून मी त्या दिवशी घरी जाताना गुणगुणत होते. किती खालच्या पातळीवर येतो माणूस.

फोटोंच्या भागात लिहिलं होतं, ‘लांब बाजू किमान २,००० पिक्सेल, ७२ डीपीआय’. हे ७२ मी जिथे तिथे खोडत आलेय आणि ते जिथे तिथे परत उगवतं. डीपीआय छपाईचा मामला. पडद्यावर पिक्सेल किती एवढंच चालतं, तोच फोटो ७२ ला आणि ३०० ला हुबेहूब सारखा दिसतो. पण एक भला माणूस खरोखर ७२ करायला गेला, सॉफ्टवेअरनं सोबत पिक्सेलही घटवले आणि पानानं त्याचा फोटो ‘लहान आहे’ म्हणून परत केला. मावशींचा फोटोही परत आला होता. त्यांचा फोन चांगला, उजेड खिडकीचा, मागे पांढरी चादर. भाच्याला चॅटवर पाठवला आणि त्यानं तोच चढवला. चॅटमधून जाताना फोटो दाबून बारीक होतो, हे पानावर कोणी लिहिलंच नव्हतं. मी दोन ओळी घातल्या: ज्या फोननं काढला त्यातूनच चढवा, आणि वस्तूभोवती चारी बाजूंना मोकळी जागा सोडा, कारण यादीत फोटो चौकोनी कापला जातो. टोपलीची कडी त्यातच उडते. या ओळी टिकल्या. त्यांना विरोध करायला कोणाला वेळ मिळाला नसावा.

मदतीच्या रकान्यात होतं, ‘आमची टीम सदैव तुमच्या पाठीशी आहे.’ पाठीशी असल्यामुळे दिसत नाही, हे ओघानं आलंच. मी वेळ, उत्तराची मुदत आणि तक्रारीसोबत काय जोडायचं ते लिहिलं. वजनाचा वाद घालायचा तर खोकं बंद केल्यावर मोजपट्टी लावून आणि काट्यावर ठेवून फोटो काढलेला हवा. खोकं गेल्यावर मावशींनी काय दाखवायचं, हवा? हे वाक्यही गेलं. ‘सदैव’ राहिलं.

काल संध्याकाळी मावशींचा फोन आला. त्यांच्यासाठी मी तेव्हा वजाबाकी एका कागदावर लिहून दिली होती, खाली ५३० ला गोल करून. त्यांनी त्याचा फोटो काढून ओळखीच्या विणणाऱ्यांना पाठवला, त्यांनी पुढे, त्यांनी आणखी पुढे. पान लाइव्ह व्हायच्या आत कागद फिरून आला होता.

“पण ताई, शेवटचीला आकडे पुसट दिसतात म्हणे. लांब बाजू किती हवी म्हणाला होतात?”