ताईला घड्याळ घेताय? आधी तिचा फोन बघा

भावाबहिणीला स्मार्टवॉच द्यायचं ठरलं की आपण रंग, डायल, पट्टा आणि बॅटरी किती दिवस टिकते ते बघत बसतो. माझ्या मते हे सगळं नंतरचं. स्मार्टवॉच मनगटावर असलं तरी चालतं खिशातल्या फोनच्या जीवावर, आणि तो फोन तुमचा नसतो, तिचा असतो. घोळ इथूनच सुरू होतो, कारण दुकानात किंवा साइटवर आपण नकळत आपलाच फोन डोळ्यांसमोर ठेवून निवड करतो.

मोठे नियम आधी सांगतो. ॲपल वॉच सुरू करायला आयफोन लागतोच, अँड्रॉइडवर ते जोडताच येत नाही. उलट बाजूला सॅमसंगची गॅलेक्सी वॉच ४ (२०२१) आणि त्यानंतरची घड्याळं आयफोनशी जोडली जात नाहीत. त्याआधीची काही जोडली जायची, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून लोक अजूनही फसतात. गूगलची पिक्सेल वॉचही फक्त अँड्रॉइडसाठी आहे. शिवाय ‘अँड्रॉइडवर चालतं’ म्हणजे सगळं चालतं असं नाही. गॅलेक्सी वॉचमधलं ईसीजी आणि रक्तदाबाचं मापन ज्या ॲपमधून होतं, ते कंपनीने फक्त सॅमसंगच्या फोनसाठी दिलंय. रक्तदाबासाठी तर दर २८ दिवसांनी दंडाला बांधायच्या नेहमीच्या यंत्राशी घड्याळ जुळवून घ्यावं लागतं. ताईकडे दुसऱ्या कंपनीचा अँड्रॉइड फोन असेल आणि तुम्ही ‘बीपी बघता येईल’ म्हणून ते घेत असाल, तर ज्यासाठी घेतलं तेच मिळणार नाही.

मग गार्मिन, अमेझफिट यांसारखी दोन्हीकडे चालणारी घड्याळं? चालतात, आणि बऱ्याच जणांसाठी तीच शहाणपणाची निवड असते. फक्त आयफोनवर त्यांची एक मर्यादा धरून चाला: मेसेज घड्याळावर वाचता येतो, पण त्याला तिथूनच उत्तर पाठवणं सहसा जमत नाही. तेच घड्याळ अँड्रॉइडशी जोडलं की ठरावीक उत्तरं पाठवता येतात. यात घड्याळाचा दोष नाही. बाहेरच्या घड्याळांना आयफोन तेवढी मुभाच देत नाही. बहिणीला घड्याळावरून उत्तर द्यायची सवय लावायची असेल, तर खोक्यावर ‘आयओएस आणि अँड्रॉइड’ छापलंय यावर समाधान मानू नका.

आता एक उदाहरण नीट सोडवून बघू, कारण खरी मेख इथे आहे. समजा ताईकडे आयफोन एक्स आहे. व्यवस्थित चाललाय, बदलायचा तिचा विचार नाही. तुम्ही म्हणता, आयफोन आहे, म्हणजे ॲपल वॉच चालणार. पण आयफोन एक्सला iOS 16 च्या पुढची मोठी आवृत्ती मिळत नाही. ॲपल वॉच सिरीज ९ ला आयफोन एक्सएस किंवा त्यापुढचा फोन आणि iOS 17 लागतं. म्हणजे ते घड्याळ तिच्या फोनशी जोडलंच जाणार नाही. मग तुम्ही थोडं मागे जाता आणि २०२२ ची दुसऱ्या पिढीची ॲपल वॉच एसई बघता. ती बाजारात आली watchOS 9 ही घड्याळाची प्रणाली घेऊन, आणि त्याला iOS 16 पुरतं. जमलं म्हणायचं? अजून नाही. तेच मॉडेल नंतर बनलेल्या खोक्यात watchOS 10 किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन येऊ शकतं, आणि त्या आवृत्तीला iOS 17 पासून पुढचंच लागतं. घड्याळातली आवृत्ती मागे नेण्याची सोय ॲपल ग्राहकाला देत नाही. सीलबंद खोक्याबाहेरून आतली आवृत्ती कळत नाही. म्हणजे मॉडेल बरोबर, फोन कागदोपत्री बरोबर, आणि तरीही घड्याळ फोन अपडेट करा म्हणून अडून बसतं. फोनला अपडेट मिळत नाही. गोष्ट तिथेच संपते.

म्हणून नुसतं ‘कुठला फोन आहे’ विचारू नका. दोन गोष्टी विचारा: फोनचं नेमकं मॉडेल, आणि त्यावर आत्ता कोणती आवृत्ती आहे. आयफोनवर Settings > General > About इथे दोन्ही दिसतात. अँड्रॉइडवर Settings मध्ये शेवटी About phone असतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट मागा, पण त्यावर सिरीयल नंबर आणि आयएमईआय असतो, तेव्हा तो ग्रुपवर न टाकता तुम्हालाच पाठवायला सांगा. मग कंपनीच्या साइटवर त्या घड्याळाच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली अट वाचा आणि स्क्रीनशॉटशी ताडून बघा. एक तिसरा प्रश्नही विचारा: वर्षभरात फोन बदलणार आहेस का, आणि बदललास तर कुठला घेशील? आयफोनवरून अँड्रॉइडवर जाणाऱ्या माणसासाठी ॲपल वॉच हा नुसता दागिना उरतो. सरप्राइज फुटेल, फुटू दे. परत करायला लागलेलं सरप्राइज त्याहून वाईट.

सिमचं घड्याळ घेत असाल तर आणखी एक तपासणी आहे. त्यात ई-सिम असतं, आणि ताईची मोबाइल कंपनी घड्याळांना ती सेवा देते का, नेमक्या त्या मॉडेलला देते का, हे त्या कंपनीकडूनच कळतं. मॉडेल परदेशातून आणलेलं असेल तर तिथलं आणि इथलं मोबाइलचं बँड जुळेल याची खात्री नसते. नक्की उत्तर मिळत नसेल तर साधं ब्लूटूथवालं घ्या.

घड्याळ हातात आलं की ‘एकदा चालू करून बघू’ असं वाटतं. ॲपल वॉचच्या बाबतीत हा मोह टाळा. तुमच्या आयफोनशी जोडलं की ते तुमच्या खात्याला बांधलं जातं आणि त्याला ॲक्टिव्हेशन लॉक लागू शकतो. काही जण मग घड्याळाच्याच सेटिंगमधून रिसेट मारतात. त्याने माहिती पुसली जाते, लॉक तसाच राहतो, आणि ताईच्या घरी घड्याळ तुमचा पासवर्ड मागतं. जोडलंच असेल तर दोन्ही जवळ ठेवून आयफोनवरच्या Watch ॲपमध्ये All Watches, मग ⓘ, मग Unpair Apple Watch असं करा. लॉक काढायची सरळ वाट तीच. वापरलेलं किंवा खोकं उघडलेलं घड्याळ घेतानाही हाच प्रश्न: आधीच्या मालकाने ते अनपेअर केलंय का? पैसे देण्याआधी ते सुरुवातीच्या पडद्यावर आहे आणि कुणाचाही पासवर्ड मागत नाही, हे डोळ्यांनी बघा.

वॉरंटीकडे येऊ. ‘एक वर्ष’ हा आकडा वाचून सगळे थांबतात. मी म्हणेन आकडा सोडा, कशाला वॉरंटी नाही तो भाग वाचा. फुटलेली काच, ओरखडे आणि वयानुसार कमी झालेली बॅटरी या तीन गोष्टी जवळजवळ नेहमी त्या यादीत असतात, आणि घड्याळाला होणारे त्रासही बहुतेक तेच असतात. पाण्याचं तर विचारूच नका. ‘5ATM’ म्हणजे ५० मीटर खोल पाण्याच्या स्थिर दाबाइतकी चाचणी. ५० मीटर खोल बुडी मारायचा परवाना नव्हे. ही क्षमता कायमचीही नसते. आतलं रबर आणि चिकट सील गरम पाणी, वाफ, साबण आणि आपटण्याने हळूहळू कमजोर होतं. पाणी आत गेलं तर बहुतेक कंपन्या त्याला वापरातलं नुकसान म्हणतात, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

आणखी एक बारकावा. वॉरंटी सहसा खरेदीच्या तारखेपासून मोजतात, भेट दिल्याच्या तारखेपासून नाही. दोन महिने आधी घेऊन कपाटात ठेवलंत तर तिचे दोन महिने गेले. ऑनलाइन घेताना ‘कंपनीची वॉरंटी’ आणि ‘विक्रेत्याची वॉरंटी’ यातला फरक बघा. दुसरीत कंपनीचं सेवा केंद्र तुम्हाला दारातूनच परत पाठवू शकतं. खोक्यावरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, ॲपलसाठी checkcoverage.apple.com आहे. तोच नंबर खोक्यावर, घड्याळाच्या सेटिंगमध्ये आणि बिलावर नंबर छापलेला असेल तर तिथेही जुळला पाहिजे.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल माझं मत ठाम आहे: घेण्याआधी सेवा केंद्राला एक फोन करा, तुमच्या गावच्या नव्हे, ताई राहते तिथल्या. विचारायचं एवढंच: वॉरंटी संपल्यावर या मॉडेलची बॅटरी बदलून मिळते का, आणि किती पैसे पडतात? समोरचा नीट आकडा सांगतो की ‘नवीनच घ्यावं लागेल’ म्हणतो, यावरून त्या कंपनीची सगळी सेवा कळते. ॲपल म्हणतं की त्यांच्या घड्याळाची बॅटरी १००० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत राहील अशी बनवलेली असते. रोज एक पूर्ण चार्जिंग धरलं तर हे पावणेतीन वर्षांचं गणित झालं. म्हणजे बॅटरीचा प्रश्न येणार तो वॉरंटी संपल्यावरच.

कोपऱ्यावरच्या दुकानात बॅटरी स्वस्तात बदलून मिळेल, पण त्यासाठी काच तापवून, चिकट सील सोडवून घड्याळ उघडावं लागतं. नवं सील बसवून दाबाची चाचणी घेतली नाही तर पाण्यापासूनचं संरक्षण गेलं असंच समजायचं. आणि कधी काच एका बाजूने उचलल्यासारखी दिसली, कडेला फट पडली, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा चार्जिंग लगेच बंद करायचं आणि काच दाबून बसवायची नाही.

चार्जरची चकतीही बघून ठेवा. फोनसारखी कुठलीही केबल इथे चालत नाही, बऱ्याच घड्याळांची चकती त्या मॉडेलपुरतीच असते. ती सुटी मिळते का ते आधी बघा. हरवली आणि मिळाली नाही, तर चांगलं घड्याळ दोन दिवसांत बंद पडतं. कमी ओळखीच्या कंपनीचं असेल तर तिचं ॲप स्टोअरमध्ये शेवटचं कधी अपडेट झालंय ती तारीख वाचा. वर्षभर कुणी हात लावला नसेल तर ते घड्याळ कंपनीने सोडून दिलंय असं मी धरतो.

इयरफोन घेणाऱ्यांनाही हाच क्रम लागू आहे, फक्त तिथे न जुळण्याची खूण उशिरा कळते. एअरपॉड्स अँड्रॉइडवर वाजतात, पण त्यांचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट व्हायला ॲपलचं उपकरण जवळ लागतं. एलडॅक या चांगल्या आवाजाच्या कोडेकसाठी, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धतीसाठी, जास्त पैसे मोजले आणि भावाकडे आयफोन निघाला, तर तो कोडेक वापरलाच जात नाही, आवाज एएसी या साध्या कोडेकवरच येतो. एक बड हरवला तर सुटा बड मिळतो का, हे तिथे बॅटरीइतकंच महत्त्वाचं.

देताना खोक्यात बिलाची प्रत ठेवा आणि सिरीयल नंबरचा फोटो तिला पाठवून द्या. सेवा केंद्रात रांगेत ती उभी राहणार आहे, तुम्ही नाही.