अमेरिकेत नवं सिम घेतलंत? पहिल्याच दिवशी व्हॉइसमेल सुरू करा

आपल्याकडे व्हॉइसमेल, म्हणजे फोन उचलला नाही तर समोरच्याचा निरोप रेकॉर्ड करून ठेवणारी सोय, कधी रुजलाच नाही, कारण त्याचं काम मिस्ड कॉल फुकटात करत होता. दोन रिंग देऊन ठेवून दिलं की समोरच्याला कळायचं, खाली आलोय किंवा सुखरूप पोचलो. अशा वेळी व्हॉइसमेलच्या यंत्राने फोन उचलला तर कॉल लागला असं धरून पैसे कापले जाणार. मग व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज आले आणि विषयच संपला.

हीच सवय घेऊन मुलं अमेरिकेत जातात आणि तिथे अडकतात. डॉक्टरचं क्लिनिक, घरमालकाचं ऑफिस, नोकरीसाठी फोन करणारी एचआर, ही मंडळी व्हॉट्सॲपवर येत नाहीत. ती फोन करतात, उचलला नाही तर निरोप ठेवतात. व्हॉइसमेल सुरू केलेला नसेल तर त्यांना ऐकू येतं की या नंबरचा व्हॉइसमेल अजून सेट केलेला नाही, गुडबाय. तुमच्याकडे फक्त एक अनोळखी मिस्ड कॉल उरतो, आणि स्पॅम समजून तोही तुम्ही सोडून देता.

सिम चालू झालं म्हणजे व्हॉइसमेलही चालू झाला, हा समज चुकीचा आहे. न उचललेला कॉल कंपनी वळवते खरी, पण व्हॉइसमेलची पेटी तुम्ही सुरू करेपर्यंत तिच्यात निरोप पडत नाही. आयफोनवर फोन ॲपमधल्या Voicemail मध्ये जाऊन Set Up Now दाबा, पासवर्ड ठरवा, Custom निवडून स्वतःच्या आवाजात नाव रेकॉर्ड करा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर डायलरमधला 1 दाबून धरला की पेटीला फोन लागतो आणि पुढचं ती सांगते. नाव सावकाश, पूर्ण उच्चारा. कंपनीची आयती घोषणा ठेवली तर क्लिनिकला कळत नाही की नंबर तुमचाच आहे, आणि रिपोर्टबद्दल ते मोघम बोलून फोन ठेवतात.

फोन खिशातून काढेपर्यंत कॉल वळत असेल तर रिंगची वेळ वाढवता येते. टी-मोबाइलवर आधी `*#61#` डायल करून कॉल कुठल्या नंबरवर वळतो ते पाहा. मग त्या दहा आकडी नंबरच्या आधी 1 लावून हा कोड डायल करा:

```
**61*1XXXXXXXXXX**30#
```

30 म्हणजे सेकंद. 5 च्या टप्प्यात 30 पर्यंतच जाता येतं. इतर कंपन्यांची रीत वेगळी असते, तिथे त्यांनाच विचारा.

आता निरोप ऐकून फोन आपोआप जो मजकूर लिहितो, त्याबद्दल. आयफोनवर iOS 17 पासून Live Voicemail आहे: समोरचा निरोप ठेवत असतानाच शब्द स्क्रीनवर उमटतात, आणि वाटलं तर मध्येच फोन उचलता येतो. फार उपयोगी सोय आहे. पण फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर कॉल कंपनीच्या पेटीतच जातो, म्हणून ती पेटी सुरू केलेली हवीच.

त्या मजकुरावर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नका. फोनच्या आवाजात वरच्या पट्टीतले बारकावे बरेचदा छाटले जातात, त्यामुळे यंत्र नेमकं नावांत आणि आकड्यांत चुकतं. समजा क्लिनिकने सांगितलं "टू फिफ्टीन" आणि स्क्रीनवर आलं 2:50. वाक्य अगदी नीट दिसतं, म्हणून शंकाही येत नाही, आणि तुम्ही पस्तीस मिनिटं उशिरा पोचता. मजकुरात तारीख, वेळ किंवा फोन नंबर असेल तर ती रेकॉर्डिंग एकदा ऐकाच.

मराठी निरोपाचं तर विचारूच नका. इंग्रजीसाठी लावलेलं यंत्र आईचं "जेवलास का रे" इंग्रजी शब्दांत कोंबायला बघतं. व्हॉट्सॲपमध्ये Settings, Chats, Voice message transcripts असा पर्याय आहे. तो चालू करून मेसेज दाबून धरला की Transcribe येतं. पण तिथे निवडलेली भाषा आणि बोललेली भाषा एकच असावी लागते. यादीत मराठी दिसली नाही तर दुसरी भाषा लावून वेळ घालवू नका.

माझं ठाम मत असं की घरच्या माणसांसाठी मजकूर बोलणाऱ्याच्याच फोनवर तयार व्हावा. ऐकणाऱ्याला चूक कळत नाही, बोलणाऱ्याला लगेच कळते. आईबाबांच्या अँड्रॉइडवर जीबोर्डच्या Languages मध्ये मराठी जोडा आणि व्हॉट्सॲपच्या माइकऐवजी कीबोर्डवरचा माइक दाबायला शिकवा. व्हॉट्सॲपचा माइक आवाज पाठवतो, कीबोर्डचा माइक अक्षरं लिहितो. दोन माइक शेजारीशेजारी असल्यामुळे गोंधळ होतो तो इथेच, म्हणून एकदा त्यांच्याच हाताने दोन्ही दाबून दाखवायला लावा. बोलून झालं की पाठवण्याआधी फक्त नावं आणि आकडे वाचायचे. फ्लाइटचा नंबर चुकला असेल तर तो तिथेच दुरुस्त होतो.