फोटोतले पांढरे ठिपके

आज सकाळी एका आईने फोटो पाठवला. सात वर्षांच्या मुलाचा उघडा घसा, लालभडक टॉन्सिल आणि त्यांच्यावर पांढरे ठिपके. खाली लिहिलं होतं, "डॉक्टर, हे बॅक्टेरियल आहे ना? ताईचं उरलेलं अँटिबायोटिक कालपासून सुरू केलंय." म्हणजे विचारलं नव्हतंच, नुसतं कळवलं होतं. मला इतका राग आला की दहा मिनिटं उत्तरच दिलं नाही.

पांढरं दिसलं की पू, पू म्हटलं की बॅक्टेरिया, हे गणित कुठून आलं कोण जाणे. तो पांढरा रंग जंतूंचा नसतो. टॉन्सिलमध्ये खोल खाचा असतात. शरीराच्या लढणाऱ्या पेशी तिथे मरतात, सुटलेल्या पेशी आणि चिकट स्राव त्यांत साचतो, तेच ठिपक्यांसारखं वर दिसतं. समोर व्हायरस असला तरी हीच लढाई होते आणि हाच कचरा साचतो. फोटोत लढाई दिसते, शत्रू दिसत नाही.

हे मी माझ्या मुलीच्या वेळी शिकले. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. १०२ ताप, खोकला नाही, सर्दी नाही, दोन्ही टॉन्सिल पांढऱ्या थराने झाकलेले, मानेत दुखऱ्या गाठी. स्ट्रेप्टोकोकस या बॅक्टेरियाचा संशय घ्यायला आम्ही ज्या चार गोष्टी बघतो, त्या चारही हजर: ताप, टॉन्सिलवर पांढरा थर, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, खोकला नसणं. वयही पाच ते पंधरामधलं, म्हणजे स्ट्रेपचंच. मी स्वॅब न घेता अमॉक्सिसिलिन सुरू केलं. आठवड्याभरात अंगभर लाल पुरळ आलं आणि रक्ताच्या तपासणीत एपस्टाइन-बार व्हायरस निघाला. या आजारात हे औषध दिलं की असं पुरळ अनेकदा येतं.

चारही खुणा जुळल्या तरी साधारण निम्म्याच मुलांत स्ट्रेप सापडतो. हे मला पाठ होतं, तरीही.

त्या फोटोतल्या मुलाला तर नाकातून पाणी, खोकला, डोळे लाल. हे मी फोन करून विचारल्यावर कळलं! नाक, खोकला, डोळे, बसलेला आवाज, तोंडातले फोड ही व्हायरसची बाजू. स्ट्रेप बहुधा अचानक येतो: गिळताना जीव जातो, ताप चढतो, लहान मुलांचं पोटही दुखतं, उलटी होते, आणि नाक मात्र कोरडं. यातलं काहीच फोटोत येत नाही. माझ्या मुलीच्या गाठी मानेच्या मागच्या बाजूलाही होत्या, तिथून व्हायरस ओळखता आला असता. मी फक्त जबड्याखाली चाचपलं.

मान्य, स्ट्रेप सोडून देण्यासारखा नाही. उपचार न झालेल्या काहींना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा बिघडतात, म्हणून तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा कोर्स पुरा दहा दिवसांचा असतो. ताईच्या उरलेल्या चार गोळ्यांनी काय साधणार होतं? शिवाय घाई कशाची? घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी तो ताप टाळता येतो. संशय असेल तर स्वॅब घ्या. रॅपिड टेस्टचं उत्तर काही मिनिटांत मिळतं, कल्चरचं एक-दोन दिवसांत. तेवढं थांबता येतं.

मी थांबले नाही. त्या पुरळामुळे माझ्या मुलीच्या फाइलवर 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असं लिहिलं गेलं आणि पुढे कितीतरी वर्षं तिला प्रत्येक आजारात दुसरीच औषधं मिळत राहिली. शेवटी ॲलर्जीची तपासणी केली, तेव्हा ॲलर्जी नव्हतीच असं निघालं. एका पांढऱ्या थराकडे बघून घेतलेला तो निर्णय माझा होता.

तर दहा मिनिटांनी त्या आईला फोन केला तेव्हा आवाज चढवला नाही. रात्रभर जागी होती बिचारी. म्हटलं, अँटिबायोटिक बंद कर. ताप आणि दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल दे, ॲस्पिरिन अजिबात नको. घोट घोट पाणी पाजत राहा. आठवड्याभरात घसा बरा व्हायला हवा. पण लाळ गिळता येईना, तोंड उघडेना, आवाज घोगरा-कोंडल्यासारखा झाला, पडजीभ एका बाजूला सरकलेली दिसली किंवा श्वास घेताना आवाज यायला लागला, तर फोटो काढत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.

"मग ते पांढरं कधी जाईल?" तिने विचारलं. म्हटलं, काही दिवसांत आपोआप. तू ते बघू नकोस, तो पाणी पितोय का ते बघ. रात्री पुन्हा फोन करणार आहे तिला.