टीचरचं इन्क्रीमेंट फीडबॅकवर ठरवण्याआधी हे वाचा

"मुलं रोज वर्गात बसतात, टीचरला त्यांच्याइतकं कोण ओळखणार? ज्याला 4.5 तो चांगला, ज्याला 3.7 त्याचं इन्क्रीमेंट थांबवा. आकडे खोटं बोलत नाहीत." (इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरत असलेला मेसेज)

मुलं वर्गात बसतात हे खरंय काका, आणि ती मुद्दाम खोटं लिहितात असं मी म्हणतच नाहीये. पण 3.7 कसा तयार होतो ते आधी बघा. माझी मावसबहीण इथल्याच एका प्रायव्हेट कॉलेजात फर्स्ट इयरला मॅथ्स शिकवते, विषय कंपल्सरी, वर्गात 118 मुलं. 5 पैकी रेटिंग द्यायचा फीडबॅक फॉर्म भरला 30 जणांनी. 10 जणांनी 5 दिले, 12 जणांनी 4, दोघांनी 3, आणि सहा जणांनी सरळ 1. बेरीज 110, भागिले 30, म्हणजे 3.67. ते सहा काढले तर उरलेल्या 24 जणांची सरासरी 4.33 येते. म्हणजे 22 जण खूश, सहा भयंकर नाराज, आणि 3.7 म्हणजे "ठीकठाक टीचर" असं म्हणणारं तिथे जवळपास कोणीच नाही! बाकीच्या 88 जणांचं मत काय ते कोणालाच माहीत नाही.

त्याच डिपार्टमेंटमधले एक सर इलेक्टिव्ह घेतात, 22 मुलं, ज्यांनी विषय आवडला म्हणूनच निवडलाय. फॉर्म आले नऊ, पाच जणांचे 5 आणि चौघांचे 4, सरासरी 4.56. यातल्या एकाच मुलाने 5 ऐवजी 1 दिला असता तर ती 4.11 वर आली असती. सर चांगलेच असतील, पण या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. मोठ्या वर्गाच्या टीचरला एकूणच थोडं कमी रेटिंग मिळतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, फरक फार मोठा नसतो, पण इन्क्रीमेंट पॉइंट दोन-तीनवर अडत असेल तर तेवढाही पुरतो.

आता मार्कांचं. बहिणीच्या कॉलेजात फॉर्म उघडला तो मिड-सेमचे मार्क लागल्यानंतरच्या आठवड्यात. ते सहा कोण हे कळायचा मार्ग नाही, फॉर्म निनावी असतो आणि असायलाच हवा. पण ज्यांना चांगल्या ग्रेडची आशा असते ते रेटिंगही थोडं वर देतात हे ठिकठिकाणी दिसलंय. यावर लगेच कोणी म्हणेल की चांगलं शिकवलं म्हणूनच मार्क आले असतील ना? मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच अमेरिकेच्या एअर फोर्स अकादमीचा अभ्यास महत्त्वाचा. तिथे मुलांना प्राध्यापक नशिबाने मिळतात, सिलॅबस एक, पेपर एक. कॅरेल आणि वेस्ट या दोघांनी 2010 मध्ये छापलं की कॅल्क्युलसमध्ये ज्या प्राध्यापकांच्या मुलांना त्या कोर्सात जास्त मार्क पडले त्यांना रेटिंगही जास्त मिळालं, पण हीच मुलं पुढच्या, त्यावर आधारलेल्या कोर्सांत सरासरीने मागे पडली. ज्यांनी खोलात नेलं त्यांचा फायदा पुढच्या सेमिस्टरला दिसला, तोवर फॉर्म भरून झालेला!

बाई आणि पुरुष हा फरक मला सगळ्यात जास्त खटकतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत एक ऑनलाइन कोर्स होता, चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. शिकवणारे दोघं, एक बाई एक पुरुष, प्रत्येकाने एका गटाला आपलं खरं नाव सांगितलं आणि दुसऱ्या गटाला समोरच्याचं. असाइनमेंट सगळ्यांना एकाच वेळी तपासून परत दिल्या. तरी "वेळेवर काम परत देतात का" या प्रश्नाला पुरुषाच्या नावाला 4.35 आणि बाईच्या नावाला 3.55. हा 2015 चा प्रयोग छोटा होता, फक्त 43 मुलांचा, त्यामुळे एकट्या त्याच्यावर भरवसा ठेवू नका. पण नंतर नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला जवळपास 20,000 फॉर्म तपासले, तिथेही वाटप नशिबाने होतं. मुलांच्या ग्रेडमध्ये किंवा अभ्यासाच्या तासांत काही फरक नव्हता, तरी बायकांना रेटिंग कमी, मुलींपेक्षा मुलग्यांकडून जास्तच कमी, आणि गणिताच्या विषयांत आणखी. इतकंच काय, बाई शिकवत असतील तर तेच पुस्तक, तेच मटेरियल, त्यालाही मुलांनी कमी दिलं.

मग फॉर्म फेकून द्यायचे का? नाही. तीस जणांपैकी दहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत "प्रॅक्टिकल झालंच नाही" लिहिलं तर लॅबचं रजिस्टर काढून बघा, त्यात खरं-खोटं कळतं. पण सरासरी छापायचीच असेल तर वर्ग केवढा, फॉर्म किती आले, आणि 5 पासून 1 पर्यंत कोणाला किती मिळाले हे सोबत छापा, आणि फर्स्ट इयरच्या कंपल्सरी मॅथ्सची तुलना दुसऱ्या सेक्शनच्या त्याच मॅथ्सशी करा, इलेक्टिव्हशी नाही. पगाराचं ठरवायचं असेल तर डिपार्टमेंटमधला कोणी जाणता माणूस दोन-तीन लेक्चरला मागे बसू दे, पेपर आणि तपासलेल्या कॉप्या बघू दे, आणि याच मुलांचं मॅथ्स-2 मध्ये काय झालं तेही काढा, ते मार्क कॉलेजकडे पडलेलेच असतात.